स्वस्त राउटरची चौकट

घरगुती राउटरसाठी 20×40 मिमीचा ॲल्युमिनियम प्रोफाइल सर्रास वापरतात. 600 मिमी लांबीचा असा प्रोफाइल दोन टोकांवर आडवा टेकवला आणि मधोमध पाच किलोचा भार दिला, तर तो साधारण पाव मिलिमीटर वाकतो. तोच उभा ठेवला की वाक जेमतेम एक चतुर्थांश उरतो. लांबी निम्मी केली तर एक अष्टमांशच! म्हणून पैसे कमी असतील, तर मशीन लहान करा. माझ्या मते हीच खरी काटकसर.

दुसरा दोष स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईचा. दिशा उलटली की स्क्रू फिरतो, पण नट क्षणभर जागेवरच राहतो. कापलेल्या वर्तुळाला चार ठिकाणी बारीक पायरी दिसली, की आधी हीच ढिलाई तपासावी. डायल गेज लावून अक्ष एक मिलिमीटर पुढे न्या, तेवढाच मागे आणा. काटा जितका मागे राहील तितकी ढिलाई. स्प्रिंगवाला नट ती बरीच कमी करतो.

स्टेपर मोटर निवडताना छापील टॉर्कवर विसंबू नका. तो थांबलेल्या मोटरचा असतो. वेग वाढला की झपाट्याने घटतो. कमी इंडक्टन्सची मोटर आणि 24ऐवजी 36 व्होल्ट, हे जास्त उपयोगी पडतं, मात्र ड्रायव्हर तेवढं सोसणारा हवा.