सामायिक स्टोअर रूमची शिस्त : फाइव्ह एस पद्धत

सामायिक स्टोअर रूम आवरली तरी काही आठवड्यांत पुन्हा पसरते. ती वापरणारे अनेक असतात, पण वस्तूंच्या जागा एक-दोघांच्याच डोक्यात असतात. जागेवर नसलेली वस्तू कोणी नेली हे कळत नाही, त्यामुळे ती परत ठेवायला कोणाला सांगावे हेही कळत नाही. जपानी कारखान्यांत रुळलेली फाइव्ह एस पद्धत नेमका यावर उपाय करते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या पाच पायऱ्या आहेत. त्यांचा अर्थ अनुक्रमे निवड, मांडणी, सफाई, एकसूत्रता आणि शिस्त असा सांगता येईल. पहिल्या तीन पायऱ्यांनी खोली लागते, तर शेवटच्या दोन पायऱ्यांनी ती लागलेली राहते.

दोन पाळ्यांत मिळून दहा-बारा फिटर वापरत असलेले देखभाल वर्कशॉप आणि त्याला लागून असलेली छोटी स्टोअर रूम हे याचे चांगले उदाहरण आहे. तिथे पाने, कानशी, ड्रिल बिट, नटबोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे आणि अनेक वर्षांत साठलेले सुटे भाग एकाच रॅकवर असतात.

पहिली पायरी निवडीची. प्रत्येक वस्तू बाहेर काढून ती इथल्या कामाला लागते का, आणि लागत असल्यास किती, हे पाहायचे. शंका वाटेल त्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, संख्या, तारीख आणि बांधण्याचे कारण लिहितात. अशा वस्तू आखलेल्या एका कोपऱ्यात ठरावीक मुदतीसाठी, बहुधा तीस दिवस, ठेवल्या जातात. त्या काळात कोणाला लागली तर तो ती नेतो. उरलेल्या वस्तू दुसऱ्या विभागाला द्यायच्या, विकायच्या की भंगारात काढायच्या, हे मुदत संपल्यावर ठरते. मात्र हा निर्णय घेण्याचा अधिकार एका माणसाकडे स्पष्टपणे सोपवलेला हवा. तो नसेल तर लाल चिठ्ठ्यांचा कोपरा हीच नवी अडगळ होते. जुन्या चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या की ही चूक लगेच ओळखता येते. वर्षभरात क्वचितच लागणारे पण बंद यंत्रासाठी अत्यावश्यक असलेले सुटे भाग याला अपवाद आहेत. ते वापरावरून न ठरवता यंत्रांच्या यादीवरून ठरवावे लागतात.

दुसरी पायरी मांडणीची, आणि सामायिक जागेत सर्वाधिक विचार तिलाच लागतो. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणि कामाच्या जागेजवळ ठेवतात. क्वचित लागणाऱ्या वर किंवा मागे जातात. जड वस्तू वरच्या कप्प्यात कधीही ठेवत नाहीत. प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो, उदाहरणार्थ रॅक अ, कप्पा ३, डबा २. तोच पत्ता डब्यावर आणि स्टोअरच्या यादीतही लिहिलेला असतो.

हत्यारांसाठी फळी करतात. तिच्यावर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगाने काढलेली असते आणि आकृतीखाली माप लिहिलेले असते. १३ मिमीचा पाना जागेवर नसेल तर त्याची रिकामी आकृती दुरूनही दिसते. पण तो कोणाकडे आहे, हे फळी सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाचे चार-पाच पितळी बिल्ले देतात. पाना काढला की त्या खुंटीवर स्वतःचा बिल्ला अडकवायचा. पाना परत ठेवला की बिल्ला काढून घ्यायचा. आकृती रिकामी आणि बिल्लाही नाही, असे दिसले तर पाना नोंद न करता नेला आहे हे त्याच क्षणी समजते.

नटबोल्टसारख्या संपणाऱ्या मालासाठी दोन डब्यांची रीत सोयीची पडते. समजा, एम ८ बोल्ट आठवड्याला ६० लागतात आणि मागणी दिल्यावर माल यायला एक आठवडा जातो. तर मागच्या डब्यात एका आठवड्याचे ६० आणि उशीर झाल्यास हाताशी असावेत म्हणून आणखी ३०, असे ९० बोल्ट ठेवायचे. वापर पुढच्या डब्यातून करायचा. तो रिकामा झाला की त्यातले मागणीचे कार्ड ठरलेल्या पेटीत टाकायचे आणि मागचा डबा पुढे ओढायचा. ही रीत बिघडते ती कोणी दोन्ही डबे एकत्र ओतल्यामुळे किंवा कार्ड खिशात राहिल्यामुळे. म्हणून कार्ड डब्याला दोरीने बांधलेले असावे आणि डबा रिकामा झाल्यावरच सोडावे.

तिसरी पायरी सफाईची. इथे झाडूबरोबर डोळेही चालवायचे असतात. ड्रिल मशीन पुसताना गळणारे तेल, तडकलेली वायर किंवा सैल झालेली गार्ड लक्षात येते. घाण रोज त्याच ठिकाणी होत असेल तर अधिक झाडण्याऐवजी तिचे मूळ शोधावे लागते. ग्राइंडरखाली चुरा साचत असेल तर त्याखाली ट्रे बसवला की रोजचे निम्मे काम वाचू शकते.

चौथी पायरी एकसूत्रतेची. दोन्ही पाळ्यांना एकच चांगली स्थिती माहीत हवी, म्हणून लावलेल्या रॅकचे आणि फळीचे छायाचित्र तिथेच चिकटवतात. खोलीचे भाग पाडून प्रत्येक भागाला नावानिशी जबाबदार माणूस नेमतात. ‘सर्वांची जबाबदारी’ असे लिहिलेला भाग लवकरच कोणाचाच राहत नाही. पाळी संपण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे कामाच्या वेळातच आवराआवरीला धरतात. तपासणीचे प्रश्न हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असे असावेत. ‘फळी नीट आहे का?’ याला प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. ‘प्रत्येक आकृतीवर पाना किंवा बिल्ला आहे का?’ याला एकच उत्तर येते. तीस सेकंदांची कसोटीही उपयोगी पडते. खोलीशी फारसा परिचय नसलेल्या माणसाला एखादी वस्तू आणायला सांगावी. तीस सेकंदांत ती सापडली नाही, तर चूक शोधणाऱ्याची नसून मांडणीची आहे असे समजावे.

पाचवी पायरी शिस्तीची. इथे दरडावण्याने फारसे साधत नाही, त्रुटी मांडणीतच शोधावी लागते. आठवड्यातून एकदा एका पाळीने दुसऱ्या पाळीची जागा तपासावी आणि सापडलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे तिचे कारण लिहावे. समजा, लागोपाठ तीन आठवडे १३ मिमीच्या पान्याचीच जागा बिल्ल्याविना रिकामी दिसली. एम ८ बोल्टच्या डोक्याला तोच पाना लागतो आणि हे बोल्ट जवळजवळ प्रत्येक यंत्रावर असतात. म्हणजे एकच पाना दोन ठिकाणी एकाच वेळी हवा असतो, म्हणून तो फळीवर परतत नाही. इथे नोटीस लावून उपयोग नाही. दुसरा पाना आणून तो कामाच्या जागी लावायला हवा. त्यानंतरही जागा रिकामी राहिली, तर मात्र बिल्ल्याची सवय लागली आहे का, हे पर्यवेक्षकाने पाहावे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. आठवड्याआड बदलणाऱ्या कामाच्या सामानासाठी आकृत्या काढल्या तर त्या पुसण्यातच वेळ जातो. अशा सामानाला नाव लिहिलेली एक मोकळी पेटी पुरते. तसेच खरेदीच गरजेपेक्षा जास्त होत असेल, तर कितीही नीट लावलेला रॅक पुन्हा भरून वाहू लागतो. त्यामुळे लाल चिठ्ठीची फेरी दर सहा महिन्यांनी घ्यावी. त्या वेळी कोणत्या वस्तू पुन्हा पुन्हा जास्त झाल्या, त्यांची यादी खरेदी करणाऱ्याकडे द्यावी आणि पुढच्या मागणीत त्यांचे आकडे कमी करावेत.