फ्रूट पायची तळाची पारी ओली का राहते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैशाख-ज्येष्ठात पिंपळनेरच्या बाजारात गावठी आंब्यांच्या बरोबरीने गुजरातकडून आलेला केशर आणि राजापुरी दिसू लागतो. घरोघरी ओटीजी आल्यापासून त्या आंब्याचा रस, साखरांबा यांच्या जोडीला पायही होऊ लागला आहे. वरची जाळी सोनेरी होते, वास सुरेख येतो, पण फोड काढली की खालची पारी कणकेच्या गोळ्यासारखी पांढरट, चिकट निघते. यावर दिले जाणारे बरेचसे सल्ले अर्धवट आहेत, आणि काही चक्क उलटे.

तळाशी नेमकं काय घडतं ते आधी पाहू. मैद्याची पारी कच्ची असते तेव्हा तिच्यात थंड लोणी आणि थोडं पाणी असतं. उष्णता लागली की लोणी वितळतं, पाण्याची वाफ होते, पापुद्रे सुटतात आणि मग पीठ भाजून घट्ट होतं. त्याच वेळी वर आंब्याच्या फोडी साखरेमुळे रस सोडत असतात. पारी आधी घट्ट झाली तर रस वरच राहतो. रस आधी उतरला तर पीठ ते पाणी पिऊन घेतं आणि पुढे कितीही वेळ भाजलं तरी त्याची खळ होते. पुढचे सगळे उपाय पारीला या शर्यतीत पुढे काढण्यासाठी आहेत.

गैरसमज : सारण पातळ वाटलं की कॉर्नफ्लोर वाढवायचं

कॉर्नफ्लोर रस शोषून घेतं हे खरं, पण थंड असताना नाही. त्याचे कण गरम रसात फुगतात, आणि सारण नीट दाट व्हायला ते जवळजवळ उकळीपर्यंत जावं लागतं. तोवर कॉर्नफ्लोर कितीही घातलं तरी रस मोकळाच असतो आणि खाली उतरत राहतो. साखर जास्त असेल तर हे फुगणं आणखी लांबतं, कारण साखरही त्याच पाण्यावर हक्क सांगते. म्हणजे प्रमाण दुप्पट केल्याने तळ कोरडा होत नाही. सारण मात्र गिळगिळीत होतं आणि आंब्याची चव पिठाखाली दबते.

खरा उपाय आहे मोकळा रस कमी करण्याचा. साधारण २२ सेंटिमीटरच्या साच्यासाठी ७५० ग्रॅम आंब्याच्या फोडी घ्या. फळ पिकलेलं पण घट्ट हवं. त्यात १०० ग्रॅम साखर आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाऊण तास चाळणीत ठेवा, खाली पातेलं ठेवा. जमलेला रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा, पूर्ण गार करा आणि पुन्हा फोडींत मिसळा. चव सगळी परत येते, जातं ते फक्त पाणी. गरम रस मात्र ओतू नका, त्याने पारीतलं लोणी भाजण्याआधीच वितळतं.

आता दाटपणासाठी काय घ्यायचं? यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो आपल्या फराळाच्या डब्यातला साबुदाणा. तो टॅपिओका कंदाच्या स्टार्चचा असतो. हा स्टार्च कॉर्नफ्लोरपेक्षा कमी तापमानाला दाट होऊ लागतो, त्यामुळे रसाला पळायला वेळ कमी मिळतो. आंबट फळात तो बरा टिकतो, आणि शिजल्यावर पारदर्शक राहतो, म्हणून फोडींचा रंग झाकला जात नाही. कैरी किंवा जांभूळ घेणार असाल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण आंबट रसात कॉर्नफ्लोर फार वेळ शिजलं की त्याची पकड सैल होते. साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून चाळून घ्यावा. अख्खे दाणे जाळीच्या फटीत उघडे राहिले तर वाळून खड्यासारखे लागतात. वरच्या प्रमाणाला ३० ग्रॅम पूड पुरते. ती फोडींत मिसळून १५ मिनिटं ठेवली की कण ओले होतात.

कॉर्नफ्लोरच वापरायचं असेल तर तेही साधारण तितकंच लागेल. मैदा मात्र जवळजवळ दुप्पट घ्यावा लागतो, कारण त्यात स्टार्चबरोबर प्रथिनंही असतात. तो सारण धुरकट करतो आणि कमी शिजला तर कच्चट लागतो. सफरचंदाला तो चालून जातो, आंब्याला मी घेत नाही.

गावठी रसाळ आंब्याचं काय, असं कुणी विचारेल. तो चोखून खावा किंवा त्याचा रस करावा. त्याच्या फोडी उभ्या राहत नाहीत, आणि चाळणीतून रसाबरोबर गरही उतरतो.

गैरसमज : पारी आधी भाजून घेतली की काळजी मिटली

सारण न घालता पारी आधी भाजणं हा उत्तम उपाय आहे, पण प्रत्येक पायला तो लागू नाही. वर झाकण किंवा जाळी असलेल्या पायमध्ये वरची आणि खालची पारी कडेला एकमेकींना चिकटवायची असते. खालची भाजून कडक झाली की ती चिकटत नाही, आणि दुसऱ्या फेरीत तिच्या कडा करपतात. तिथे तळ भाजायचं काम ओव्हनच्या खालच्या उष्णतेनेच करायला हवं. पारी आधी भाजायची ती उघड्या पायसाठी, ज्यात सारण आधीच शिजवून वरून ओतायचं असतं.

ती भाजतानाही घोळ होतो. काट्याने टोचे मारले की पुरे, असं समजलं जातं. टोच्यांनी वाफ निसटते आणि तळ फुगत नाही, पण कडा घसरायच्या थांबत नाहीत. शिवाय टोचे खोल गेले तर नंतर रस त्यातूनच खाली झिरपतो आणि पारी साच्याला चिकटते. त्यासाठी वजन हवं. साच्यात लावलेली पारी अर्धा तास फ्रीजमध्ये थंड करा, वर बटर पेपर बसवा आणि त्यात कोरडे राजमे किंवा हरभरे अगदी काठापर्यंत भरा. थोडेसे मधोमध टाकले तर कडांना आधार मिळत नाही. १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजून कागदासकट कडधान्य काढा.

या क्षणी तळाकडे नीट पाहा. तो राखट, किंचित पारदर्शक आणि ओलसर दिसतो. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि सारण ओततात. कडधान्याखाली वाफ कोंडल्यामुळे तळ अजून फक्त शिजलेला असतो, भाजलेला नसतो. तसाच उघडा आणखी १० ते १२ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. रंग फिका सोनेरी झाला आणि बोटाला कोरडा, खरखरीत लागला म्हणजे झाला. मग टोस्टच्या बारीक चुऱ्याचा अगदी पातळ थर पसरा, तो पहिला रस टिपतो. जाड थर दिला तर त्याचाच लगदा होतो. वापरलेलं कडधान्य पुढच्या पायसाठी डब्यात ठेवावं, ते आता शिजायचं नाही.

खानदेशातला उन्हाळा इथे आडवा येतो. आंब्याच्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो, आणि लोणी परातीतच विरघळतं. विरघळलेलं लोणी मैद्यात मुरलं की पापुद्रे सुटत नाहीत, पारी तेलकट होते आणि भाजताना कडेने खाली घसरते. म्हणून पीठ पहाटे भिजवावं. झाकणासह पायला ३०० ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे आणि ८० ते ९० मिलिलिटर बर्फाचं पाणी लागतं. लोण्याचे वाटाण्याएवढे कण दिसत असतानाच गोळा करून किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवावा.

गैरसमज : केक असो की पाय, साचा मधल्या फळीवरच ठेवायचा

केकला सर्व बाजूंनी सारखी उष्णता हवी असते, म्हणून तो मध्ये ठेवतात. झाकणाच्या पायची अडचण तळाशी असते. त्याच्या तळावर थंड, ओल्या फळाचं ओझं असतं, आणि वरची जाळी मात्र उघड्यावर असते. मध्ये ठेवलं तर जाळी आधी लाल होते, आपण घाबरून पाय बाहेर काढतो आणि तळ कच्चा राहतो. पाय सर्वांत खालच्या फळीवर, खालच्या रॉडच्या जवळ हवा.

नुसती फळी बदलणंही पुरेसं नाही. मांडे करणाऱ्या बायका खापर पुरतं तापल्याशिवाय त्यावर मांडा टाकत नाहीत, तीच गोष्ट इथे आहे. खालच्या फळीवर जाड लोखंडी तवा ठेवून ओव्हन २२० अंशांवर तापवावा. तवा डोशाचा, सपाट हवा. भाकरीच्या खोलगट तव्यावर साचा फक्त कडांवर टेकतो आणि मधला तळ, जो सर्वांत उशिरा भाजतो, तोच अधांतरी राहतो. तव्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नको, आणि त्याच्या चहूबाजूंनी हवा फिरायला जागा उरायला हवी. ओटीजीचा दिवा दहाएक मिनिटांत विझतो, पण तो आतली हवा तापल्याचं सांगतो. तवा तापायला २५ ते ३० मिनिटं लागतात.

संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर त्याहून जास्त. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३०च्या जागी १९० व्होल्ट मिळाले तर रॉड जेमतेम दोन तृतीयांश ताकदीने तापतो. पाय भाजायचा तो दुपारी किंवा सकाळी, आणि घड्याळापेक्षा खुणांवर भरवसा ठेवून.

साचा ॲल्युमिनियमचा घ्यावा, तो झटकन तापतो. काचेच्या साच्यातून तळाचा रंग दिसतो हा मोठा फायदा, पण फ्रीजमधला काचेचा साचा तापल्या तव्यावर ठेवला तर तडकतो. तिथे तवा वापरू नये. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुधा खालचा रॉडच नसतो, गरम हवा मागून किंवा वरून येते. अशा भट्टीत झाकणाच्या पायचा नाद सोडून पारी आधी भाजलेला उघडा पाय करावा.

पाय तव्यावर २० मिनिटं २२० अंशांवर, मग १९० अंशांवर ३० ते ४० मिनिटं ठेवा. जाळी लवकर लाल झाली तर वर सैल फॉइल टाका, पण बाहेर काढू नका. जाळीच्या फटीतून येणारे बुडबुडे पाहा. ते पातळ आणि भराभर फुटत असतील तर स्टार्च अजून शिजलेला नाही. अगदी मधोमध दाट, संथ बुडबुडे आले म्हणजे सारण झालं. मग पातळ उलथण्याने कडेची पारी जरा उचलून बघा. खालून ती तपकिरी दिसायला हवी आणि न वाकता उचलली जायला हवी.

गैरसमज : पाय गरमागरमच कापावा

उकळत्या सारणातला दाटपणा गार होतानाच जमतो. लगेच सुरी घातली तर फटीतून रस धावतो आणि एवढ्या खटपटीने भाजलेला तळ ताटलीत भिजतो. साचा ओट्यावर न ठेवता तारेच्या जाळीवर ठेवा, म्हणजे खाली वाफेचं पाणी साचत नाही. किमान ३ तास थांबा, आणि तोवर डब्यात झाकून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी गरम करायचा तर मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथे सारणातली वाफ पारीत शिरते. ओव्हनमध्ये १८० अंशांवर, खालच्याच फळीवर, १० ते १५ मिनिटं ठेवला की तळ पुन्हा कुरकुरीत होतो.