सहा मिनिटांचं संगीत आणि एक पानी करार

एकट्याने गेम बनवणारा डेव्हलपर संगीतकाराला पहिला मेसेज करतो, तो बहुतेकदा एवढाच असतो: ‘छोटा गेम आहे, चार ट्रॅक हवेत, किती घ्याल?’ यावर नेमका आकडा सांगणं अवघड, कारण बरेच संगीतकार तयार संगीताच्या मिनिटांवर दर सांगतात.

समजा, गेम कोडी सोडवण्याचा आहे. मेन्यूसाठी एक मिनिट, दोन टप्प्यांसाठी दोन-दोन, शेवटासाठी एक, अशी सहा मिनिटं झाली. मिनिटाला 5,000 रुपये ठरले तर 30,000. त्यातले 10,000 आगाऊ, 10,000 कच्चे ट्रॅक ऐकल्यावर, उरलेले अंतिम फाइल मिळाल्यावर. प्रत्येक ट्रॅकमध्ये दोनदा बदल या पैशांत, पुढच्या बदलांचे वेगळे, हेही आधीच लिहावं.

शेवटचा ट्रॅक एकदाच वाजतो, बाकीचे तीन लूप होणार. खेळणारा एखाद्या कोड्यात वीस मिनिटं अडकला, तर दोन मिनिटांचा ट्रॅक दहा वेळा फिरतो आणि सांधा खटकला की तो दहाही वेळा खटकतो. .mp3 फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता मिसळली जाते, म्हणून फाइल .wav किंवा .ogg मागावी. शेवटच्या सुराची आस मध्येच तुटते का, हे गेममध्येच वाजवून तपासावं.

खरी काळजी हक्कांची घ्यायला हवी. फ्रीलान्सर हा नोकर नसतो. त्यामुळे पैसे दिले म्हणून संगीताचा कॉपीराइट आपोआप डेव्हलपरकडे येत नाही. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. स्टीमवरचा गेम तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो!

बजेट छोटं असेल, तर सगळा कॉपीराइट मागणं मला रास्त वाटत नाही. त्यापेक्षा असं लिहावं: ‘हे चार ट्रॅक या गेममध्ये, त्याच्या ट्रेलरमध्ये आणि जाहिरातीत जगभर, कायमस्वरूपी वापरण्याचा परवाना मला हवा. दुसऱ्या गेमला ते देऊ नयेत. कॉपीराइट तुमचा, अल्बम काढून तुम्ही विकू शकता. श्रेयनामावलीत तुमचं नाव असेल.’ दोघांचं जमलं की हाच मजकूर एका पानावर घेऊन दोघांनी सही करावी.

अल्बमची मुभा दिली की आणखी एक अट लागते. संगीतकाराने वितरकामार्फत ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवले, तर गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर आपोआप दावे लागतात. त्या व्हिडिओंची कमाई अडते, आणि लोक तो गेम दाखवणंच सोडून देतात. म्हणून ‘हे ट्रॅक कंटेंट आयडीत नोंदवू नयेत’ हे वाक्य करारात स्पष्ट हवं.