दाणा निघाला, तरी नोंद हवी

मार्गासनीच्या एखाद्या अंगणवाडीत दोन वर्षांच्या मुलाच्या घशात खाऊतला शेंगदाणा अडकला, असे धरू. नोंदीत आधी वेळ, मग मूल खोकत होते की आवाजच बंद झाला होता, हे हवे. जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचे. आवाज बंद असेल तर पाठीवर पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच दाब, आळीपाळीने. दुसऱ्याने 108 लावायचा. दाणा निघाल्यावर ‘पोर खेळतंय, आईला कशाला घाबरवायचं?’ हा सेविकेचा प्रश्न मायेचाच. पण दाबाने पोटात इजा होऊ शकते, आणि श्वासनळीत राहिलेला तुकडा काही दिवसांनी खोकला, घरघर, ताप होऊन दिसतो. आईला दाण्याचे ठाऊकच नसेल, तर डॉक्टर साधा खोकला समजतील. म्हणून आईला फोन लगेच, तपासणी त्याच दिवशी, आणि नोंदीची प्रत आईच्या हाती.