चित्र नसलेली फाइल

संकलकाकडून रंगकाराकडे जाणाऱ्या ईडीएल फाइलमध्ये चित्राची एकही फ्रेम नसते. असते ती फक्त यादी:

```
004  MULAKHAT V  C  00:02:10:00 00:02:13:00 01:00:31:00 01:00:34:00
```

म्हणजे चौथा तुकडा: मूळ चित्रणातला 2 मिनिटे 10 सेकंदांपासून तीन सेकंदांचा भाग, चित्रपटात 31व्या सेकंदाला बसवा. (सुरुवातीचा एक तास हा निव्वळ रिवाज.)

घोळ होतो तो नावात. जुन्या सीएमएक्स 3600 पद्धतीत रीलच्या नावाला आठच अक्षरांची जागा. `MULAKHAT_01` आणि `MULAKHAT_02` या दोन्ही फाइलींचं नाव `MULAKHAT` एवढंच उरतं. त्यातून दोन्हींचा टाइमकोड शून्यापासून सुरू झालेला असला, की रंगाचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत भलत्याच माणसाचा चेहरा बसवतं. तक्रारही करत नाही, कारण त्याच्या लेखी सगळं जुळलेलं असतं.

एक्सएमएलमध्ये फाइलचं पूर्ण नाव आणि एकाहून अधिक ट्रॅक जातात, म्हणून शक्य तिथे तीच द्यावी. तरी हळूहळू बदलणारा वेग किंवा प्लगिनचे इफेक्ट तिच्यावर सोपवू नयेत. ध्वनीसाठी बहुधा एएएफ देतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एक-दोन सेकंद जादा आवाज ठेवतात.

सोबत संकलनाची तयार व्हिडिओ फाइल द्यायलाच हवी. रंगकार ती नव्या टाइमलाइनवर ‘डिफरन्स’ मोडमध्ये ठेवतो. जुळलं तर पडदा जवळजवळ काळा दिसतो. एखादा तुकडा फ्रेमभर सरकला असेल, तर हलणाऱ्या माणसाच्या कडा उजळतात.