सिस्टर, मॉप किती?

अकोला-अमरावतीच्या लहान रुग्णालयांत भूल देत फिरणे हा माझा व्यवसाय. थिएटरमध्ये आम्ही चौघेच असतो: सर्जन, मी, सिस्टर आणि मावशी. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये काढलेली एकोणीस प्रश्नांची यादी आमच्या कामाची नाही, असे पुष्कळांना वाटे. गंमत म्हणजे ती तयार करणाऱ्यांचे नेतृत्व केले डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे घराणे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे! स्थानिक गरजेप्रमाणे यादीत फेरफार करा, असे संघटनेनेच सांगितले आहे.

आम्ही ते केले. भूल देण्याआधी, म्हणजे 'साइन इन'ला, सिस्टर रुग्णाला नाव आणि ऑपरेशनची बाजू विचारते. ती आपण सांगायची नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायची. "उजव्या अंगाचा हर्निया हाय जी," असे उत्तर आले, की कागद आणि कातडीवरची खूण ताडायची. आमची भर दोन प्रश्नांची: सिकलसेलची तपासणी झाली का, आणि रक्ताची पिशवी हाताशी आहे की नातेवाईक अजून ती आणायला गेलेत? चिरा घेण्याआधी 'टाइम आउट'. तेव्हा सारे थांबतात. प्रतिजैविकाचे इंजेक्शन गेल्या तासाभरात दिले ना, हे मी मोठ्याने सांगते.

'साइन आउट' मूळ यादीत रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी आहे. त्यातली मोजणी मात्र आम्ही पोट शिवण्याच्या आधीच आणली. त्याचे कारण एका गर्भाशयाच्या ऑपरेशनात दिसले. फळ्यावर पाच अधिक पाच, असे दहा मॉप लिहिलेले. बादलीत सात, ट्रॉलीवर दोन. सर्जनच्या हातात सुई तयार होती. सिस्टर म्हणाली, "सर, एक कमी आहे." पुन्हा मोजले, तरी नऊच. आतडी वर ढकलून धरायला लावलेला मॉप मागे सरकला होता. रक्ताने भिजला, की तो आतड्यासारखाच दिसतो. सर्जनने हाताने चाचपून तो काढला. फोटो काढून बघू म्हणावे, तर थिएटरात एक्स-रे नाही, आणि स्वस्त मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागाही नसतो. म्हणून आता प्रत्येक मॉपची नाडी पोटाबाहेर ठेवून चिमट्याने धरतात. गॉज कापून दोन करायचे नाहीत, नाहीतर हिशेब फसतो.

पण यादीला एक रोग जडतो. ऑपरेशन आटोपल्यावर चहा घेत सगळ्या चौकटींत खुणा! कॅनडातल्या ऑन्टारिओत शंभरावर रुग्णालयांनी यादी सक्तीने वापरली. तरी 2014 च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. खुणा किती मनापासून केल्या होत्या, यावरच मग वाद झडला. आमच्याकडे मी एक साधी परीक्षा करते. आठवड्याचे कागद पसरायचे. एकाच पेनाची, एकाच हाताची, एकही आडवीतिडवी खूण नसलेली चळत दिसली, की समजावे. त्या गर्भाशयाच्या कागदावर मात्र सिस्टरने 'नऊ' खोडून 'दहा' केलेले स्पष्ट दिसते. शेजारी वेळही आहे: 12.40.