रिसेप्शनचा माइक तुमच्या हाती आलाय?

‘तू बोलतोस छान, मग तूच सांभाळ ना सूत्रसंचालन,’ असं मामा किंवा आत्या सहज म्हणून जातात आणि रिसेप्शनचा माइक तुमच्या हाती येतो. घरच्या माणसाला हे काम देण्यात गैर काही नाही. उलट कोण कोणाचं कोण हे त्याला ठाऊक असतं. पण पाहुण्यांना तुमची शेरोशायरी लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते हे, की आपलं नाव नीट घेतलं गेलं की नाही आणि फोटोसाठी किती वेळ ताटकळावं लागलं. त्यामुळे तयारीही याच दोन गोष्टींची करा.

समजा, मुलगी इंदूरच्या मराठी घरातली आहे आणि मुलगा तिथल्याच पंजाबी घरातला. रिसेप्शन लॉनवर आहे, साडेतीनशे पाहुणे आहेत, पत्रिकेवर वेळ साडेसात ते दहा छापली आहे. हाच कार्यक्रम पायरी पायरीने लावून पाहू.

आधी घड्याळाचं गणित

नवरा-नवरी स्टेजवर येईपर्यंत बहुतेक ठिकाणी आठ वाजतातच. लॉन उघड्यावर असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. बंद सभागृहाची गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्याकडे आठ ते दहा, एकूण १२० मिनिटं आहेत. त्यातली १५ मिनिटं प्रवेश आणि परिचयाला, १० मिनिटं नवरा-नवरीला पाणी पिऊन जरा टेकायला. उरली ९५.

साडेतीनशे पाहुणे सरासरी चार-चारच्या गटाने वर आले तर साधारण ८८ गट होतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६५ सेकंद येतात. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पायऱ्या चढायला दहा-बारा सेकंद, नमस्कार आणि गळाभेटीला वीस-पंचवीस, कोणी कुठे उभं राहायचं यात वीस, फोटोला दहा आणि उतरायला दहा-पंधरा. शिवाय पाकीट देणं आहेच. दीड मिनिट सहज जातं. त्या वेगाने ८८ गटांना सव्वादोन तास लागतील. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.

यावर ‘लवकर करा, लवकर करा’ हा उपाय नाही. लग्नाला आलेल्या माणसाला घाई केली तर तो दुखावतो. वेळ वाचवायचा तो भेटीतून नाही, भेटीच्या आजूबाजूच्या धावपळीतून.

पहिली बचत कार्यक्रमापूर्वीच होते. दोन्हीकडचे अगदी जवळचे नातलग साठेक असतात. त्यांना सात वाजता बोलावून सव्वासात ते पावणेआठ या वेळात त्यांचे कौटुंबिक फोटो उरकून घ्या. आता उरले २९० पाहुणे, म्हणजे सुमारे ७२ गट. प्रत्येकाला साधारण ८० सेकंद मिळाले. हे शक्य कोटीतलं आहे.

परिचय: नाव, नातं आणि एकच ओळ

परिचयासाठी दोन्ही घरांतली आठ-दहा माणसं ठरवून घ्या. हे ठरवताना दोन्ही आयांना वेगवेगळं विचारा. एकाच माणसाला विचारलं की एखादी मावशी हमखास सुटते आणि मग ती गोष्ट पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक कार्यात निघते. यादी झाली की ती दोघींना मोठ्याने वाचून दाखवा. नावाचा उच्चार आणि घरात वापरतात ते नाव, दोन्ही तेव्हाच कळतं.

प्रत्येकासाठी एक कार्ड करा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: नाव, नातं आणि एक जिव्हाळ्याची ओळ. ‘हे नवरीचे धाकटे मामा. नवरीला सायकल शिकवली ती यांनी,’ एवढं पुरे. हुद्दा, पगार, फ्लॅट, परदेशातली नोकरी यांचा पाढा नको. एकाचा हुद्दा सांगितला की दुसऱ्याचा का नाही, हा प्रश्न उरतोच.

क्रम लावताना एक सोपी युक्ती वापरा. पंजाबी लग्नांत मिलनी असते. मामा मामांना भेटतात, काका काकांना आणि एकमेकांना हार घालतात. तीच जोडी परिचयात लावा. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मग आई-वडील, मग मामा-मामा, आत्या आणि बुआ. यात कोणाचं घर आधी आणि कोणाचं नंतर हा वाद उरत नाही, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना कोण कोणाचं हे एका नजरेत कळतं.

नात्यांचे शब्द मात्र जपून. आपण वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या दोन्ही भावांना काका म्हणतो, पण हिंदी-पंजाबी घरात थोरले ते ताऊजी आणि धाकटे चाचाजी. ताऊजींना चाचाजी म्हणालात तर त्यांचा मान एक पायरी उतरतो. आत्याच्या यजमानांना तिकडे फूफाजी म्हणतात आणि त्यांचा रुसवा प्रसिद्ध आहे, त्यामुळे त्यांचं कार्ड आधी तयार करा. दोन भाषांत बोलताना आणखी एक खाचखळगा आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुम्ही मराठीच्या ओघात ‘मुलाची उच्च शिक्षा दिल्लीला झाली’ म्हणालात तर नवरीकडची मंडळी दचकतील.

जे घरात नाहीत त्यांच्याबद्दलही आधीच विचारून ठेवा. नवरीचे वडील हयात नसतील तर त्यांचा उल्लेख हवा की नको, हे तिच्या आईला शांतपणे विचारा. काहींना ‘बाबांची आज आठवण येते’ हे एक वाक्य हवं असतं, काहींना ते भर मांडवात सहन होत नाही. आई-वडील वेगळे राहत असतील तर त्यांना एकत्र बोलवायचं की स्वतंत्र, हेही त्यांनाच विचारा. आणि माइकवरून ‘सर्व सुवासिनींनी वर यावं’ असं म्हणू नका. खाली बसलेल्या एखाद्या काकूला किंवा आजीला ते टोचतं. ‘घरातल्या सगळ्या बायकांनी वर यावं’ म्हटलं की कोणी वगळलं जात नाही.

रांग चालती ठेवायची ती अशी

आदल्या दिवशी लॉनवर जाऊन स्टेजला पायऱ्या किती आणि कुठे आहेत ते बघा. दोन्ही बाजूंना हव्यात. एका बाजूने चढायचं, दुसरीकडून उतरायचं. एकच जिना असेल तर डेकोरेटरला आदल्या दिवशीच दुसरा लावायला सांगा. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर भेटले की तिथेच गप्पा सुरू होतात आणि सगळी रांग थांबते.

मग घरातली तीन चुणचुणीत भावंडं निवडा. पहिला चढायच्या पायऱ्यांच्या तळाशी उभा राहील. एक गट फोटोत असताना पुढचा गट स्टेजच्या कडेला आणि त्यापुढचा पायऱ्यांजवळ तयार ठेवणं, हे त्याचं काम. चढण्या-उतरण्याचा वेळ दुसऱ्या गटाच्या फोटोच्या वेळेतच भागतो. आपल्या दीड मिनिटातली वीस-पंचवीस सेकंदं इथेच वाचतात, आणि भेटीला हात लावावा लागत नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे करवली. ती नवरीशेजारी मोठी पिशवी घेऊन उभी राहील. पाकीट, पुष्पगुच्छ, खोके लगेच तिच्याकडे. नवरा-नवरीचे हात मोकळे राहिले की नमस्कार होतो आणि फोटोही नीट येतो. तिसरा उतरायच्या बाजूला उभा राहून ‘इकडून या, जेवण त्या बाजूला आहे’ सांगेल. उतरलेली माणसं पायऱ्यांशी रेंगाळत नाहीत.

फोटोग्राफरशी एक खूण ठरवा. तीन फ्रेम झाल्या की तो हात वर करेल. हात दिसला की तुम्ही पुढच्या गटाचं स्वागत करायचं. मागचा गट आपोआप निघतो, त्याला ‘उतरा’ म्हणावं लागत नाही.

माइकवर वेळेची तक्रार नको, पुढची कृती सांगा. ‘नवरीच्या बँकेतली मंडळी, तुम्ही डावीकडच्या पायऱ्यांजवळ या. तुमच्यापुढे दोनच गट आहेत.’ ऑफिस, कॉलेज, सोसायटी अशी बारा-पंधरा जणांची टोळी एकत्र बोलावली की चार गटांचं काम एका फोटोत होतं. नाव घेऊन ‘अमुक साहेब कुठे आहात’ असं मात्र तीनदा पुकारू नका. ते हात धुवायला गेलेले असतात आणि स्टेज रिकामं राहतं.

जेवणाची घोषणा हा तुमच्या हातातला नळ आहे. रांगेत दहाहून जास्त गट दिसले की ‘चाटचे काउंटर सुरू आहेत, खाऊन सावकाश या’ असं सांगा. रांग ओसरली की टेबलांवरच्या मंडळींना बोलवा. सगळ्यांना एकदम जेवायला पाठवलंत तर आधी स्टेज ओस पडतं आणि सव्वानऊला सगळे एकत्र परत येतात.

वृद्ध मंडळींना पहिल्या दहा मिनिटांतच बोलवा. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांची खुर्ची उचलून वर नेऊ नका. नवरा-नवरीनेच खाली उतरून त्यांच्याशेजारी फोटो काढावा. दोन मिनिटं जातात, पण आजींना उचलून नेल्याची ओशाळवाणी वेळ येत नाही.

घसरण कशी ओळखाल?

पावणेनऊला आणि सव्वानऊला गट मोजा. आपल्या उदाहरणात परिचय सव्वाआठला संपला, तर पावणेनऊपर्यंत २२-२३ गट व्हायला हवेत. पंधराच झाले असतील तर अडथळा शोधा. बहुतेक वेळा तो सेल्फीचा असतो. प्रत्येक गट आपापला फोन काढतो आणि वेळ दुप्पट लागतो. उतरायच्या बाजूला फुलांची सजावट असेल तर सेल्फी तिथे काढायला सुचवा आणि स्टेजवर फक्त फोटोग्राफरचा कॅमेरा ठेवा.

साडेनऊला रांगेच्या शेवटी एका भावंडाला उभं करा. तोच शेवटचा. त्याच्यामागे कोणी आलं तर त्याने हसून सांगावं, ‘काका, तुम्ही जेवायला बसा, दोघं टेबलापाशी येतील.’ आणि पावणेदहानंतर दोघांना खरोखर टेबलांमधून फिरवा. दिलेला शब्द पाळला नाही तर तो माणूस फोटोशिवायच नाही, भेटीशिवायही घरी जातो.

राहिला माइक. तो तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा, जाळीवर हात ठेवू नका आणि स्पीकरच्या समोर जाऊ नका, नाहीतर तो शिट्टी मारतो. बॅटरीचा एक जादा संच खिशात ठेवा. शेवटची घोषणा पावणेदहाची, दोन्ही घरांच्या वतीने आभारांची. त्यानंतर माइक साउंडवाल्याच्या हातात द्या आणि स्वतः जेवायला जा, कारण तोवर तुम्हालाच कोणी जेवायला विचारलेलं नसतं.